वरच्या ओठावरचा डाग

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा माझं पार्लर चार वर्षांचं झालं होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली मी सासऱ्यांकडून मागून घेतली होती. एक मोठा आरसा, मान मागे टेकवता येईल अशी खुर्ची, एक बाकडं, दाराला जाड पडदा आणि बाहेर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. नव्वदीच्या त्या वर्षांत गल्लीतल्या बायका पार्लरला यायचं म्हटलं की पदर ओढून, इकडंतिकडं बघत यायच्या. भुवया कोरून घेणाऱ्या पोरींबद्दल सासवा अजून तोंड वाकडं करत होत्या. तरी येत होत्या, आणि माझ्याकडंच येत होत्या, कारण त्या बाजूला दुसरं पार्लर नव्हतं.

धाकटी जयसिंगपूरची. मला 'अक्का' म्हणायची, बोलता बोलता मधेच एखादा कानडी शब्द टाकायची. दुपारी कामं आटोपली की बाकड्यावर येऊन बसायची आणि माझे हात बघत राहायची. सासूबाई म्हणाल्या, "नुसती बसतीया त्यापरास शिकीव की तिला." मी शिकवलं. सगळ्या शिकाऊ पोरी करतात तसं आधी स्वतःच्या पोटरीवर. सुती दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, मधे पीळ द्यायचा आणि बोटं कात्रीसारखी उघडमीट करत तो पीळ केसांवरून पळवायचा. दोरा ढिला राहिला तर केस मधेच तुटतो, फार ताणला तर कातडी कापते. मला हे जमायला सहा महिने लागले होते. तिला सहा आठवडे पुरले.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. सणासुदीला गर्दी झाली की ती भुवया करायची, मी फेशियल, मेंदी. मग एके दिवशी एक जुनी गिऱ्हाईक पडदा बाजूला करून आत डोकावली आणि मला बघून म्हणाली, "धाकट्या वहिनी न्हाईत व्हय? मग उद्या येतो."

मी आरशासमोर रिकामी उभी होते. हातात दोऱ्याचं रीळ होतं. "मी हाय की," असंसुद्धा म्हणाले नाही.

त्यानंतर मी मोजायला लागले. आज तिला किती जणींनी मागितलं, मला किती जणींनी. काही बायकांची कातडी फार नाजूक असते. थ्रेडिंग केलं की वरच्या ओठावर लाल पुरळ उठतं, तासा-दोन तासांनी बसतं, पण एखादीला दोन दिवस राहतं. माझ्या हातून उठायचं तेवढं तिच्या हातून उठत नसे. मी चोरून बघितलं ती काय वेगळं करते. ती एका जागेवरून दोरा दोनदा फिरवत नव्हती. गिऱ्हाइकाला सांगायची, "जीभ आतनं ओठाला लावा," आणि वरून बोटांनी ताणून धरायला लावायची. नंतर बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग घरातल्या कुंडीतल्या कोरफडीचा गर. मीच शिकवलेलं होतं हे सगळं. मी घाईत सोडून देत होते, ती सोडत नव्हती, एवढाच फरक. पण हे कळल्यावर मी सुधारले नाही. मला तिचा अजून राग आला.

आणि ती विचारायची फार. "तोंडाला काय लावताय? उन्हात जाता का? पाळी वेळंवर येती का?" मला ती नसती चौकशी वाटायची. बायका मात्र तिच्याशी मोकळ्या व्हायच्या. पडद्याआडून त्यांचं कुजबुजणं, मग हसणं ऐकू यायचं, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

मग मी इचलकरंजीला एका बाईंकडं वॅक्सिंगचा वर्ग केला. रोज एसटीनं जाऊन आठवडाभर. हातापायांचं साखर-लिंबाचं वॅक्स आम्ही घरीच करत होतो, पण हे तोंडाचं, डब्यातलं, हीटरवर गरम करायचं. पावडर लावायची, केस वाढतात त्या दिशेनं वॅक्सचा पातळ थर द्यायचा, कापडाची पट्टी दाबायची आणि उलट्या दिशेनं, कातडीलगत, एका झटक्यात ओढायची. केस मुळासकट येतात, म्हणून तीन-चार आठवडे बघायला नको. वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं की वॅक्स केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही धरतं. दोरा फक्त केस धरतो. म्हणून चेहऱ्याला वॅक्स जपून, आधी मनगटावर लावून बघायचं, मुरुमांची औषधं चालू असतील तर लावायचंच नाही. मी वहीत लिहून घेतलं. पण परत येताना माझ्या डोक्यात एकच होतं की ही गोष्ट धाकटीला येत नाही, आणि मी तिला शिकवणार नाही.

तिनं विचारलंसुद्धा. "अक्का, मला दाखवा की."

"दाखवीन सावकाश," म्हणाले, आणि दाखवलं नाही.

आमच्याकडं जवळच्या शाळेतल्या एक बाई यायच्या. पंचविशीच्या, गव्हाळ, हनुवटीवर आणि ओठावर दाट लव. त्यांची कातडी इतकी हळवी की टिकलीच्या गोंदानंही खाज सुटायची. त्या फक्त धाकटीकडून करून घ्यायच्या, दर पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. त्यांचं लग्न ठरलं. महिनाभर आधी धाकटी मला म्हणाली, "अक्का, त्या बाईंना कातडीच्या डॉक्टरांनी मुरुमासाठी रात्री लावायचं क्रीम दिलंय. कातडी पातळ झाल्या. मी दोरापण हलकाच घेतो हल्ली. चुकून वॅक्सचं बोलू नका त्यांना."

"बरं," मी म्हणाले. नीट ऐकून म्हणाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी स्वतःलाच कितीतरी दिवस सांगत होते की मी ऐकलं नव्हतं.

लग्नाला आठ दिवस असताना बाई आल्या आणि धाकटी माहेरी गेली होती. बरोबर त्यांची आई होती. बाईंचा चेहरा पडला. "मग मी त्या आल्यावर येते," म्हणाल्या.

तीच गोष्ट, माझ्या दारात, माझ्या तोंडावर. मी म्हणाले, "कशाला थांबताय? लग्नाच्या आठवड्यात दोरा फिरवून लाल तोंड करून घेणार व्हय? वॅक्स करते. एकदा केलं की महिनाभर काळजी नाही. धाकटीला येत न्हाई ते."

"चालेल ना माझ्या कातडीला?"

"चालतंय की."

मनगटावर लावून बघितलं नाही. क्रीमचं विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. मनात म्हटलं, होत नसतंय एवढं काही, डॉक्टर उगीच घाबरवतात. हनुवटी ठीक झाली, नुसती लाल. मग ओठाच्या वर उजवीकडं पट्टी दाबली आणि ओढली. बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो नेहमीचा नव्हता. पट्टीला केस होते आणि केसांबरोबर पातळ, ओलसर काहीतरी होतं. ओठाच्या वर नखाएवढा, जरा लांबट भाग चकाकत होता, सोललेल्या बटाट्यासारखा. मग त्यात बारीक बारीक लाल ठिपके भरून आले.

मी गार पाण्याचं फडकं ठेवलं. बाई रडत नव्हत्या, आरशात बघत होत्या. रडत त्यांची आई होती. "आठ दिवसांवर लग्न आलंय हो! काय केलंत हे!" पडद्याबाहेर दोन बायका थांबल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

संध्याकाळी धाकटी परतली. मी तिला काय झालं ते सांगितलं, पण तिनं मला आधी बजावलं होतं ते जणू घडलंच नव्हतं असं सांगितलं. तिनं चपला पुन्हा घातल्या आणि तशीच बाईंच्या घरी गेली, त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी ते रात्रीचं क्रीम बंद केलं, जखमेला मलम दिलं, खपली ओढू नका, उन्हात जाऊ नका म्हणून सांगितलं. जखम भरेल, डाग काही महिने राहील, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंची आई आमच्या दारात आली. मी आतच होते. धाकटी पुढं झाली आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, "काकी, चूक माझी हाय. क्रीमचं मला ठाऊक हुतं. अक्कांना सांगायचं मी इसरलो."

मी बाहेर गेले नाही. दोन पावलांवर दार होतं. मी ताटातल्या तांदळातले खडे निवडत होते, निवडत राहिले.

बाईंचं लग्न झालं. खपली पडली होती, पण खाली तपकिरी डाग होता. तो मेकअपखाली झाकायला, दुसरं कोणी मिळेना म्हणून, धाकटीलाच नेलं, मला बोलावणं नव्हतं. डाग दिवाळीपर्यंत होता म्हणे. आणि गल्लीत बोललं जायला लागलं की धाकटी जरा विसरभोळी आहे, मोठी अनुभवी, मोठीकडंच जावं. महिनाभर बायका मला विचारत आल्या. खरं लिहायचं तर मला त्याची लाज वाटली नाही. बरं वाटलं. रात्री कूस बदलताना थोडी टोचायची गोष्ट, पण दिवसा बरं वाटायचं.

धाकटीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. याचाच मला सगळ्यात जास्त जाच झाला. तिनं भांडायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडता आलं असतं. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "अक्का, त्या डॉक्टरांना दवाखान्यात बाई पायजे. मी जातो उद्यापासनं." दिरांनी होकार दिला होता. मी म्हणाले, जा. दोरा, पावडर, खुर्ची सगळं पुन्हा माझं एकटीचं झालं, आणि मला वाटलं होतं तसा त्यात आनंद नव्हता.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी त्या डॉक्टरांनी राजारामपुरीत मोठा दवाखाना थाटला आणि केस काढायचं लेसरचं यंत्र आणलं. धाकटीला त्यांनी मुंबईला शिकायला पाठवलं. आमच्या घरातली सून एकटी मुंबईला जाऊन, प्रमाणपत्र घेऊन आली. पांढरा कोट घालून ती सकाळी निघायची तेव्हा मी दारात पाणी मारत असायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची धाकटी मशिनवर हाय." माझ्याबद्दल काय सांगणार? मोठी दोरा ओढते.

तोवर माझी चाळिशी उलटली होती आणि माझ्याच हनुवटीवर केस यायला लागले. आधी दोन-चार, मग जाड, काळे, दाढीसारखे. माझा मला दोरा धड घेता येईना, म्हणून मी चिमट्यानं उपटायची. दार लावून, खिडकीच्या उजेडात. उपटून उपटून काही केस कातडीखालीच वळायला लागले, त्यांच्या गाठी व्हायच्या, मी सुईनं उकरायची, मग काळे डाग पडायचे. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर इतकी वर्षं हात फिरवणारी मी, गिऱ्हाइकासमोर हनुवटी खाली घालून काम करायला लागले.

धाकटीला दिसत होतंच. एके सकाळी चहा देताना म्हणाली, "अक्का, दवाखान्यात या. आणि आजपासनं चिमटा बंद."

"मला काय झालंय?"

"या तर खरं."

मी दोन महिने गेले नाही. मग एक गाठ पिकली आणि गेले.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, हार्मोन्सचं काही नाही ना बघायला. मग समजावून सांगितलं. लेसरचा उजेड केसातला काळा रंग धरतो आणि त्या रस्त्यानं मुळापर्यंत उष्णता जाते. म्हणून केस मुळाशी असायला हवा. उपटला, दोरा घेतला, वॅक्स केलं तर उजेडाला धरायलाच काही उरत नाही. सहा आठवडे उपटायचं नाही, वाढले तर रेझरनं काढायचे. आणि आपली कातडीही सावळी, तिच्यातही तोच रंग, त्यामुळं यंत्र चुकीचं किंवा जोर जास्त झाला तर कातडीच भाजते, डाग पडतात. म्हणून आधी जबड्याखाली एका ठिपक्यावर करून बघायचं. पांढरे केस यानं जात नाहीत. आणि एकदा केलं की कायमचे गेले, असंही नाही. महिना-सव्वा महिन्याच्या अंतरानं सहा-आठ वेळा यावं लागेल, पुढंही अधूनमधून.

बाईमाणसानं तोंडाला रेझर लावायचा! पण लावला. सहा आठवड्यांनी त्या पलंगावर आडवी झाले. धाकटीनं डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, हनुवटीला गार जेल लावलं. डॉक्टरांनी यंत्राचे आकडे लावून दिले आणि ते शेजारी उभे राहिले. "रबर चटकन मारल्यागत वाटंल," ती म्हणाली. वाटलं. जळक्या केसाचा वास आला. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त तिचा डावा हात माझ्या गालावर होता, कातडी ताणून धरलेला, आणि तो जराही सरकत नव्हता. झाल्यावर तिनं गार पट्टी ठेवली. तासाभरात लाली उतरली. पुरळ नाही, काही नाही. तेवढ्यातही माझ्या मनात आलं की मी हे करत असते तर कसं झालं असतं.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा बाकड्यावर माझ्याआधी शाळेतल्या बाई बसल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी बघितलं. जरा जाड झाल्या होत्या, ओठावर डागाचा मागमूस नव्हता. मला ओळखून नुसती मान हलवली. मग टेबलामागच्या मुलीला हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बाई सोडून दुसरं कोणी करेल का माझं? नाही म्हणजे, त्या विसरतात. मला अनुभव आहे. माझी कातडी फार नाजूक आहे हो."

मुलगी गोंधळली. "मॅडम, लेसरला त्याच असतात. थांबा, मी डॉक्टरांना विचारते." ती उठून केबिनकडं निघाली.

मला कळलं की ती आत जाऊन हे डॉक्टरांना सांगणार. "थांब गं," मी म्हणाले. मुलगी थांबली. मी बाईंकडं वळले. "ती विसरली नव्हती. तिनं मला महिनाभर आधी सांगितलं होतं, बाईंना वॅक्स करू नका, क्रीम चालू हाय म्हणून. मी ऐकलं होतं. तरी केलं."

बाईंनी विचारलं, "मग त्यांनी तसं का सांगितलं?"

"ते तिला विचारा. मी गप्प बसले, एवढं माझं."

"का पण? माझं काय वाकडं होतं तुमच्याशी?"

"तुमच्याशी नव्हतं," मी म्हणाले. "तुम्ही तिच्याकडंच जायचा."

बाईंच्या चेहऱ्यावर राग आला, आणि मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलतील. बोलायला हवं होतं त्यांनी. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्या रस्त्यात दिसल्या की मी तोंड फिरवायचे. इतकी वर्षं." आणि पर्स उचलून, मुलीनं बोलावायची वाट न बघता, आतल्या खोलीत गेल्या.

दार अर्धवट उघडं होतं. धाकटी दारापाशीच होती, तिनं सगळं ऐकलं होतं की नाही मला कळलं नाही. बाई आत काहीतरी बोलल्या, धाकटी काहीतरी बोलली, मग दार बंद झालं. वेळानं आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. मी बाहेर बाकड्यावर बसले होते, जे करायचं ते करून मोकळी झालेली, आणि तरीही ते हसणं ऐकून मला पूर्वीसारखाच हेवा वाटला.

माझी पाळी आली. चष्मा चढवल्यावर, मला तिचं तोंड दिसेना तेव्हा, मी विचारलं, "तवा का घेतलंस अंगावर?"

"दुकान तुमचं हुतं," ती म्हणाली. "माझं नाव गेलं असतं तर माझंच गेलं असतं. तुमचं गेलं असतं तर खोलीच बंद पडली असती. मग मी तरी कुठं बसणार हुतो?"

"आणि राग?"

"आला की. राग आला म्हणून तर हितं आलो." मग डॉक्टर आत आले, तशी म्हणाली, "हलू नका आता."

त्या यंत्रानं माझे काळे केस बरेचसे गेले, गाठी थांबल्या, डाग फिके पडायला दीड वर्ष लागलं. पांढरे राहिले, डॉक्टर म्हणाले होते तसे. ते दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी धाकटी दोऱ्यानं काढते, माझ्याच पार्लरच्या खुर्चीत बसवून. मी जीभ आतून हनुवटीला लावून धरते. गिऱ्हाईक आलं तर ती म्हणते, "अक्का करतील, थांबा जरा." काही जणी थांबतात. काही जणी मला बघूनसुद्धा तिलाच विचारतात, तुम्ही करता का, आणि मी आरशातून त्यांच्याकडं बघत नाही.